लॉगिन होत नाही? नवीन खाते काढण्याआधी थांबा : मदतीचा व्हिडिओ कसा लिहावा

पावणे एमआयडीसीच्या आजूबाजूच्या वस्त्यांत शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की आम्हा कार्यकर्त्यांच्या फोनवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा येते : "ताई, लॉगिन होत नाही." गेल्या वर्षी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी हेच वाक्य घेऊन आली. अकरावीत असताना तिने महाडीबीटीवर खाते काढले होते. अर्ज भरायला मामेभावाने मदत केली होती, पासवर्डही त्यानेच ठरवला होता. आता तो पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता. जवळच्या सायबर कॅफेत तिला सल्ला मिळाला : "जुने सोड, नवीन खाते काढून देतो."

हा सल्ला सोपा वाटतो, पण नुकसान इथेच होते. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती एकदा मंजूर झाली की पुढच्या वर्षी त्याच खात्यातून नूतनीकरण करायचे असते. विद्यार्थ्याची मागील वर्षाची मंजुरी, कॉलेज, अभ्यासक्रम हे सगळे त्या खात्याशी जोडलेले असते. दुसरे खाते काढले की एकाच विद्यार्थ्याच्या दोन नोंदी होतात, नूतनीकरणाचा अर्ज नव्या अर्जासारखा दिसतो आणि तो कॉलेजच्या किंवा समाज कल्याण कार्यालयाच्या टेबलावर अडकतो. विसरलेला पासवर्ड काही मिनिटांत बदलता येतो. दोन खात्यांचा गुंता सोडवायला महिने जातात आणि तोवर फीसाठी कॉलेजचा तगादा सुरू असतो.

म्हणून आम्ही ठरवले की या एका अडचणीवर छोटा व्हिडिओ करायचा. पहिला प्रयत्न साफ फसला. दुसऱ्या वेळी काय बदलले आणि लिहिलेली संहिता कशी होती, ते इथे सविस्तर मांडते. तुमच्या वस्तीत, वसतिगृहात किंवा अभ्यासिकेत असा व्हिडिओ करायचा असेल तर ही संहिता आधाराला घेता येईल.

पहिला व्हिडिओ का फसला

आमचा पहिला व्हिडिओ नऊ मिनिटांचा होता. सुरुवातीची दोन मिनिटे शिष्यवृत्ती का महत्त्वाची आहे यावर गेली. मग मुख्यपृष्ठ, मग नोंदणी कशी करायची, मग लॉगिन, मग पासवर्ड विसरल्यास काय. ज्याला लॉगिन होत नाही त्याला उत्तर सहाव्या मिनिटाला मिळत होते. पण त्याच्या आधी चौथ्या मिनिटाला 'नवीन नोंदणी' कशी करायची ते दाखवले होते. म्हणजे नवीन खाते काढू नका असे आम्हाला सांगायचे होते आणि व्हिडिओ नेमके तेच शिकवत होता. दोन मुलांनी तो पाहून खरोखर नवीन नोंदणी सुरू केली, तेव्हा चूक लक्षात आली.

दुसरी चूक आमच्या भाषेत होती. "तुमचा आधार लिंक असलेला पाहिजे" असे आम्ही म्हणालो. समोरचा म्हणायचा, "हो, लिंक आहे की." त्याच्या मनात बँक खाते असायचे. वस्तीत 'आधार लिंक' या दोन शब्दांचे निदान तीन अर्थ आहेत. आधारला मोबाईल नंबर जोडलेला असणे हा एक. बँक खात्याला आधार जोडलेले असणे हा दुसरा, शिष्यवृत्तीचे पैसे जमा होण्यासाठी तो लागतो. आणि बँकेत मोबाईल नंबर नोंदवलेला असणे हा तिसरा. लॉगिनच्या वेळी आधारची पडताळणी मागितली तर फक्त पहिल्या अर्थाचा उपयोग असतो. म्हणून दुसऱ्या संहितेतून आम्ही 'लिंक' हा शब्दच काढला आणि पूर्ण वाक्य घातले : "आधारला तुमचा कोणता मोबाईल नंबर जोडलेला आहे?"

तिसरी चूक सगळ्यात साधी होती आणि तीच आम्हाला सगळ्यात उशिरा कळली. आमचा प्रेक्षक ज्या मोबाईलवर व्हिडिओ पाहतो त्याच मोबाईलवर त्याला लॉगिन करायचे असते. घरात तो एकच मोबाईल असतो. व्हिडिओ पाहून पोर्टलवर जायचे, पुढची पायरी विसरायची, परत व्हिडिओवर यायचे, तेवढ्यात पोर्टलचे पान पुन्हा पहिल्यापासून उघडायचे. आम्ही कितीही गोड आवाजात बोललो असतो तरी तो गोंधळलाच असता. संहितेत शांतपणा आणायचा तर "घाबरू नका" म्हणून भागत नाही, प्रेक्षकाला थांबायला जागा द्यावी लागते.

एक तक्रार, तीन अडचणी

"लॉगिन होत नाही" हे लक्षण आहे. ताप आला म्हटल्यावर डॉक्टर आणखी दोन प्रश्न विचारतात, तसे इथेही विचारावे लागतात. आमच्याकडे आलेल्या मुलांना शेजारी बसवून पाहिले तेव्हा तीन वेगळ्या अडचणी दिसल्या.

पहिली अडचण टाइप करण्याची. युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही बरोबर असतात, पण मोबाईलचा कीबोर्ड घात करतो. पहिले अक्षर तो आपणहून मोठे करतो. सुचवलेला शब्द निवडला की शब्दानंतर एक मोकळी जागा सोडतो. ती जागा डोळ्यांना दिसत नाही, पोर्टल मात्र तिलाही अक्षर मानते. कीबोर्ड मराठीवर असेल तर 5 ऐवजी ५ उमटतो आणि पासवर्डच्या रकान्यात फक्त ठिपके दिसत असल्यामुळे ते कळतही नाही. मोबाईल भावाचा असेल तर त्याचाच जपून ठेवलेला पासवर्ड आपोआप भरला जातो. चित्रातली वेडीवाकडी अक्षरे, म्हणजे कॅप्चा, चुकला तरी पोरांना वाटते की पासवर्डच चुकला.

दुसरी अडचण विसरण्याची. यात पुन्हा दोन प्रकार आहेत : पासवर्ड विसरला, किंवा युजरनेमच आठवत नाही. पोर्टलवर या दोन्हींसाठी वेगळे पर्याय आहेत. युजरनेम आठवत नसताना पासवर्डच्या पर्यायात शिरले तर पहिल्याच रकान्यात युजरनेम विचारले जाते आणि मूल तिथेच अडकते.

तिसरी अडचण ओटीपीची. सगळे बरोबर केले तरी ओटीपी हातातल्या मोबाईलवर येत नाही. कारण खाते काढताना वडिलांचा नंबर दिला होता, किंवा आधार कार्ड गावी काढले तेव्हा काकांचा नंबर दिला होता, आणि ते सिम आता जालन्यात किंवा वाशिमात कोणाच्या तरी खिशात आहे. कामासाठी गाव सोडून आलेल्या कुटुंबांत हे फार दिसते. सिम बदलत राहतात, कागदावरचा नंबर तोच राहतो.

तेव्हा व्हिडिओचे पहिले काम उत्तर सांगणे हे नाही. आपली अडचण या तिघांपैकी कोणती हे प्रेक्षकाला स्वतः ओळखता यावे, हे पहिले काम आहे. पुढची संहिता त्याच क्रमाने जाते : आधी टाइप तपासणे, मग विसरलेले परत मिळवणे, शेवटी ओटीपी. ज्याचे काम पहिल्या टप्प्यात झाले त्याने तिथेच व्हिडिओ बंद करावा.

संहिता

डाव्या बाजूला पडद्यावर काय दिसते आणि उजव्या बाजूला आवाजात काय, अशी दोन रकान्यांची संहिता लिहायची पद्धत आहे. इथे ती सलग देते. बोलणारी व्यक्ती एकच, भाषा बोलीतली.

प्रसंग १.
पडदा : मोठ्या अक्षरात "लॉगिन होत नाही?" खाली व्हिडिओ केल्याची तारीख.
आवाज : "नमस्कार. महाडीबीटीवर तुम्ही आधी खातं काढलेलं आहे, पण आता लॉगिन होत नाही. हा व्हिडिओ फक्त तेवढ्यासाठी आहे. पासवर्ड विसरला म्हणून खातं पुसलं जात नाही. तुमचं खातं आहे, आपल्याला फक्त आत जायचंय. एकच गोष्ट आधी सांगते. 'नवीन नोंदणी' हे बटण दाबू नका. कोणी काढून देतो म्हणालं तरी नको."

प्रसंग २.
पडदा : टेबलावर आधार कार्ड (नंबर झाकलेला), वही, पेन, मोबाईल.
आवाज : "जवळ आधार कार्ड आणि वही-पेन घ्या. घरात दुसरा मोबाईल असेल तर व्हिडिओ त्यावर लावा. नसेल तरी चालेल. प्रत्येक पायरीनंतर मी 'थांबा' म्हणेन. तेव्हा व्हिडिओ थांबवा, तेवढीच पायरी करा, मग परत या."

प्रसंग ३.
पडदा : ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पत्ता टाइप होतो : mahadbt.maharashtra.gov.in
आवाज : "गुगलवर शोधू नका. हा पत्ता वरच्या पट्टीत जसाच्या तसा लिहा. शेवटी gov.in आहे ना, ते बघा. महाडीबीटी या नावानं शेतकऱ्यांच्या योजनाही आहेत. आपल्याला विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचं लॉगिन हवंय. युजरनेम आणि पासवर्डचे रकाने दिसले की… थांबा."
पडदा : पाच सेकंद स्थिर चित्र.

प्रसंग ४.
पडदा : कीबोर्ड जवळून. मराठीवरून इंग्रजीवर येतो.
आवाज : "आधी कीबोर्ड इंग्रजी करा. रकान्यात आपोआप काही भरलं असेल तर सगळं पुसा. युजरनेम एकेक अक्षर करून लिहा. वर सुचवलेला शब्द निवडू नका. पहिलं अक्षर आपोआप मोठं झालंय का बघा. पासवर्ड आधी वहीत लिहा, मग वहीत बघून टाइप करा. चित्रातली अक्षरं वाचता येत नसतील तर नवीन चित्र मागवा. आता लॉगिन करा. थांबा."
पडदा : "आत गेलात? तुमचं काम झालं. व्हिडिओ बंद करा."
आवाज : "तीन वेळा करूनही झालं नाही, तर परत परत दाबू नका. पुढे चला."

प्रसंग ५.
पडदा : लॉगिनच्या रकान्यांखालचे दोन पर्याय, एकेक करून गोल : Forgot Username आणि Forgot Password
आवाज : "इथे दोन वाटा आहेत. युजरनेम आठवतंय, पासवर्ड नाही? मग 'फरगॉट पासवर्ड'. युजरनेमच आठवत नाही? मग आधी 'फरगॉट युजरनेम'. युजरनेम मिळालं की वहीत लिहा आणि मग पासवर्डकडे या. आपली वाट कोणती ते ठरवा. थांबा."

प्रसंग ६.
पडदा : निवडलेल्या पर्यायातले रकाने, वरून खाली, एकावेळी एक.
आवाज : "जे विचारलंय ते भरा. थोड्या वेळानं मोबाईलवर एक संदेश येईल, त्यात आकडे असतील. तोच ओटीपी. संदेश यायला वेळ लागला तर लगेच पुन्हा मागू नका. दुसरा मागवला की पहिला चालत नाही. दोन आले असतील तर शेवटचा वापरा. संदेश उघडायला पोर्टलचं पान बंद करू नका. वरून खाली ओढलं की आकडे दिसतात, ते वहीत लिहा. थांबा."

प्रसंग ७.
पडदा : नवीन पासवर्डचे दोन रकाने. शेजारी वही.
आवाज : "नवीन पासवर्ड आधी वहीत लिहा. त्यात एक मोठं अक्षर, एक लहान अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह असू द्या. दोन्ही रकान्यांत तोच भरा. मग लॉगिनच्या पानावर परत या आणि वहीत बघून आत जा. थांबा."
पडदा : "ओटीपी आलाच नाही? पुढे बघा."

प्रसंग ८.
पडदा : प्रश्न : "तो नंबर आता कोणाकडे आहे?"
आवाज : "ओटीपी आला नाही म्हणजे बहुतेक तो दुसऱ्या नंबरवर गेला. खातं काढताना कोणता नंबर दिला होता ते घरी विचारा. पोर्टलनं आधारची पडताळणी मागितली असेल तर ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. तो नंबर कोणता, हे बघता येतं."
पडदा : myaadhaar.uidai.gov.in, त्यातला पर्याय Check Aadhaar Validity
आवाज : "इथे लॉगिन लागत नाही. आधार नंबर आणि चित्रातली अक्षरं भरा. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर त्याचे शेवटचे तीन आकडे दिसतील. ते वहीत लिहा आणि घरातल्या नंबरांशी जुळवून बघा. थांबा."

प्रसंग ९.
पडदा : दोन वाटा. एक : "सिम घरच्यांकडे आहे". दुसरी : "सिम बंद झालंय".
आवाज : "सिम आईवडिलांकडे किंवा घरच्या माणसाकडे असेल तर त्यांना आधी फोन लावा, फोन चालू ठेवा, मगच ओटीपी मागवा. आकडे त्यांनी तुम्हाला वाचून दाखवायचे. तुमच्याकडून ओटीपी मागायला कोणी फोन केला, तर मात्र कोणालाही सांगू नका. सिम बंद झालं असेल आणि आधारला तोच नंबर असेल, तर आधार केंद्रात जाऊन नंबर बदलावा लागेल. स्वतः जा, आधार कार्ड न्या, पावती जपून ठेवा. नंबर बदलायला काही दिवस लागतात, म्हणून आजच जा. खात्यातला नंबर बंद असेल तर कॉलेजमधल्या शिष्यवृत्तीच्या क्लार्कना भेटा आणि पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रारीचा नंबर वहीत लिहा."

प्रसंग १०.
पडदा : वहीचे पान. युजरनेम, कोणता मोबाईल नंबर दिला, तारीख.
आवाज : "आत गेल्यावर या तीन गोष्टी वहीत लिहा. पुढच्या वर्षी याच खात्यातून अर्ज करायचाय."

ही वाक्ये अशी का

ही संहिता संथ गतीने वाचली तर पाच मिनिटांच्या आत संपते. त्यातली काही वाक्ये आम्ही खूप भांडून ठरवली, त्यामागची कारणे सांगते.

"खातं पुसलं जात नाही" हे वाक्य पहिल्या अर्ध्या मिनिटात आले पाहिजे. अर्जाची मुदत जवळ आलेल्या मुलाच्या डोक्यात तीच भीती असते. नुसते "घाबरू नका" म्हटले तर त्याच्या हाती काही लागत नाही. खाते जागेवर आहे ही माहिती मिळाली की तो पुढचे ऐकू लागतो. संहितेत "अगदी सोपं आहे" हेही कुठे नाही. ज्याला तीन वेळा करून जमलेले नसते, त्याला सोपे आहे म्हटले की तो स्वतःलाच अडाणी समजतो आणि विचारायचे थांबतो.

प्रत्येक वाक्यात एकच क्रिया ठेवली आहे. "पर्याय निवडून माहिती भरून ओटीपी टाकून पासवर्ड बदला" असे लिहिले तर वाचायला नीट लागते, पण करणाऱ्याचे बोट पहिल्या क्रियेवर असताना कान चौथीवर जातो. आणि 'थांबा' हा शब्द कुठेही दुसऱ्या अर्थाने वापरलेला नाही. तो ऐकला की व्हिडिओ थांबवायचा, इतके पक्के बसले पाहिजे.

ओटीपीच्या प्रसंगावर सगळ्यात जास्त वाद झाला. आपण नेहमी सांगतो की ओटीपी कोणालाही सांगू नका. ते बरोबरच आहे. पण ज्याचा नंबर गावी काकांच्या खिशात आहे, त्याला काकांकडूनच ओटीपी घ्यावा लागणार. व्हिडिओने याबद्दल मौन पाळले तर मुले हे चोरून, घाईत आणि चुकीच्या माणसाच्या मदतीने करतात. म्हणून दिशा स्पष्ट केली : फोन तुम्ही लावायचा, ओटीपी तुम्ही मागवायचा, पोर्टलचे पान तुमच्यासमोर असायचे. समोरून फोन आला आणि ओटीपी मागितला, तर तो फसवणुकीचा फोन समजायचा. इतका फरक केला की नियमही राहतो आणि कामही होते.

आधार केंद्राची फी संहितेत सांगितलेली नाही, तसेच कोणताही हेल्पलाइन नंबर किंवा अर्जाची शेवटची तारीखही नाही. या गोष्टी बदलतात आणि व्हिडिओ मात्र दोन वर्षे व्हॉट्सॲपवर फिरत राहतो. त्या व्हिडिओसोबतच्या मजकुरात लिहायच्या, म्हणजे दरवर्षी बदलता येतात. पहिल्या चित्रात तारीख ठेवली आहे तीही त्याचसाठी. पोर्टलचा चेहरा बदलला तर पाहणाऱ्याला निदान कळते की व्हिडिओ जुना आहे.

चित्रण करताना आणि नंतर

मोबाईलचा पडदा रेकॉर्ड करायच्या आधी सूचना बंद करा, नाहीतर मध्येच कोणाचा तरी बँकेचा संदेश चित्रात येतो. खाते वापराल ते स्वतःचे, किंवा ज्याने स्पष्ट होकार दिला आहे त्याचे. आधारचे बारा आकडे, युजरनेम, मोबाईल नंबर आणि ओटीपी एडिट करताना पूर्ण झाकायचे. नुसते धूसर केलेले आकडे कधी कधी ओळखू येतात, त्यामुळे वर काळी पट्टी टाकलेली बरी. आमच्या पहिल्या व्हिडिओत एका चौकटीत आधारचे शेवटचे आकडे उघडे राहिले होते. तो गटात टाकून झाल्यावर लक्षात आले आणि सगळ्यांकडून पुसून घेताना नाकी नऊ आले.

व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ पाठवला की त्याचा दर्जा उतरतो आणि पडद्यावरची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. म्हणून एक तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा ज्या बटणाबद्दल बोलत आहात तेवढाच भाग मोठा करून दाखवा. आम्ही दुसरा मार्ग घेतला, कारण पुढे पाठवणारा माणूस 'डॉक्युमेंट' करून पाठवेलच याची खात्री नसते.

गटात टाकण्याआधी तपासणी करा. ज्याला खरोखर लॉगिन होत नाही अशा एकाला व्हिडिओ आणि त्याचा स्वतःचा मोबाईल द्या, शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. कार्यकर्त्याला हेच सगळ्यात अवघड जाते. त्याचे बोट जिथे हवेत थांबते, जिथे तो तुमच्याकडे बघतो, तिथे संहितेतले वाक्य चुकले आहे असे समजा आणि ती जागा लिहून घ्या. आम्ही पाच जणांना असे बसवले. त्यांतले तिघे एकाच जागी थांबले : दोन पर्यायांपैकी आपला कोणता. त्या वेळी संहितेत "योग्य पर्याय निवडा" एवढेच होते. पाचव्या प्रसंगातले "युजरनेम आठवतंय, पासवर्ड नाही?" हे प्रश्न त्यानंतर आले.

व्हिडिओची हद्दही ओळखली पाहिजे. आधीच दोन खाती झालेल्या विद्यार्थ्याला हा व्हिडिओ देऊ नका. त्याला कॉलेजच्या क्लार्ककडे आणि गरज पडल्यास समाज कल्याणच्या सहाय्यक आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज घेऊन सोबत न्यावे लागते. पावणे ठाणे जिल्ह्यात येते, त्यामुळे आपल्यासाठी ते कार्यालय ठाण्याचे. ज्याच्या आधारला कोणताच मोबाईल जोडलेला नाही त्यालाही पडद्यावरून मदत होणार नाही, त्याच्यासोबत आधार केंद्रात जायला हवे. व्हिडिओने बाकीच्यांचे काम घरच्या घरी झाले तर अशा थोड्यांसोबत जायला आपल्याकडे वेळ उरतो.

आता त्या बी.कॉम.च्या मुलीचे. तिला कॅफेतून परत बोलावून आम्ही शेजारी बसवले. युजरनेम तिच्या अकरावीच्या अर्जाच्या छापील प्रतीवर सापडले. पासवर्डच्या पर्यायातून ओटीपी मागवला, तो तिच्या मोबाईलवर आला नाही. घरी विचारल्यावर कळले की खाते काढताना वडिलांचा जुना नंबर दिला होता आणि ते सिम गावी आजीच्या साध्या फोनमध्ये होते. आजीला इंग्रजी वाचता येत नाही. मग शेजारच्या नातवाला बोलावले, फोन चालू ठेवला, ओटीपी मागवला आणि त्याने एकेक आकडा वाचून दाखवला. पहिल्यांदा आकडे भरेपर्यंत वेळ संपली. दुसऱ्यांदा जमले. आत गेल्यावर अकरावीपासूनची सगळी माहिती जागेवर होती आणि नूतनीकरणाचा पर्यायही दिसत होता.

दहावा प्रसंग तिच्यामुळे आला. निघताना तिने वहीच्या शेवटच्या पानावर युजरनेम लिहिले, खाली लिहिले "नंबर : आजीच्या फोनमधला", आणि विचारले, "ताई, हा नंबर आता माझा करून घेता येईल ना?" दुसऱ्याच दिवशी ती आधार केंद्राच्या रांगेत उभी होती.